घंटा आधी

रेडिओवरच्या बातम्या मी वाचतो. गल्लीत लोक माझ्या आवाजाचं कौतुक करतात आणि मीही मान खाली घालून ते ऐकून घेतो. खरं सांगायचं तर आवाज तेवढा माझा, वाक्यं ताईंची.

ताई आमच्या वृत्तविभागात आहेत. सगळे त्यांना पाठीमागे कात्रीताई म्हणतात, आणि हे त्यांना ठाऊक आहे. दर तासाचं आमचं बातमीपत्र छोटं, एका बातमीला एकच वाक्य. ते वाक्य ताई लिहितात. गंमत अशी, की याच बाई फोनवर बहिणीला गळक्या नळाची हकिगत सांगू लागल्या की सुरुवात घर घेतलं तिथपासून होते. एकदा मी म्हणालो, "ताई, इथली कात्री घरी नेत जा." त्या म्हणाल्या, "दिवसभर गिळलेलं कुठंतरी ओकायला नको?"

त्या दिवशी बर्फाच्या कारखान्याच्या चौकशीचा अहवाल आला. वायुगळतीत तिथले दोन कामगार गेले होते. यंत्रावर त्या वेळी ज्याची पाळी होती तो ऑपरेटर माझ्याच गल्लीत राहतो. गळती झाली तेव्हा तो जागेवर नव्हता, एवढं गावाला कळलं आणि गावाने निकाल लावून टाकला. वाण्याच्या दुकानासमोरच्या बाकावर तो बसला की बाकीचे एकेक करून उठायचे. पुढे पुढे त्याने बसणंच सोडलं. अहवालात काय येतं, याकडे तो डोळे लावून होता.

अहवाल जाडजूड होता. वृत्तसंस्थेचं वाक्य मात्र आधीच पडद्यावर येऊन बसलं होतं : 'गळतीच्या वेळी ऑपरेटर जागेवर नव्हता, असा चौकशी अहवालाचा निष्कर्ष.'

"हेच घेऊ या," संपादक म्हणाले. "अहवालात आहे ना तसं?"

"आहे," ताई म्हणाल्या. "शब्द न् शब्द आहे. आणि तरी हे वाक्य खोटं आहे."

त्यांनी अहवालाचं मधलं पान उघडून आमच्यासमोर ठेवलं. धोक्याची घंटा तीन महिने बंद होती. दोनदा लेखी कळवूनही कुणी दुरुस्त केली नव्हती. गळतीच्या दिवशी ऑपरेटर तेच सांगायला व्यवस्थापकाच्या खोलीत गेला होता.

मग ताई गाळायला बसल्या. शिफारशी गेल्या. नुकसानभरपाई गेली. वायूचं नाव गेलं.

"समितीच्या अध्यक्षांचं नाव तरी ठेवा," संपादक म्हणाले.

"ते त्यांच्या घरच्यांना माहीत आहे."

'दोन कामगारांचा मृत्यू' या शब्दांपाशी मात्र त्यांचं पेन अडलं. बराच वेळ अडलं. मला वाटलं, हे काही त्या काढणार नाहीत. त्यांनी ते काढलं आणि चष्मा पुसला. "ते गेले हे सगळ्या गावाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "का गेले, तेच माहीत नाही."

"आणि जागेवर नव्हता, ते?" मी विचारलं. "तेही काढा ना. बिचारा सुटेल."

"नाही सुटणार. लोकांना ते आधीच ठाऊक आहे. आपण गाळलं तर म्हणतील, रेडिओवाल्यांनी झाकलं. तो कुठं होता, ते सांगायला हवं."

कागदावर आलं : 'ऑपरेटर गळतीच्या वेळी व्यवस्थापकाकडे गेला होता, कारण धोक्याची घंटा तीन महिने बंद होती, असं चौकशी अहवालात म्हटलं आहे.' मला ते झकास वाटलं. ताईंनी ते खोडलं आणि घंटा उचलून पुढे ठेवली : 'बर्फाच्या कारखान्यातली धोक्याची घंटा तीन महिने बंद होती आणि गळती झाली तेव्हा ऑपरेटर तेच सांगायला व्यवस्थापकाकडे गेला होता, असं चौकशी अहवालात म्हटलं आहे.'

"तेच तर आहे," मी म्हणालो.

"अरे, मी कापते तसा ऐकणाराही कापतो. पुढच्याला सांगताना त्याच्या हाती सुरुवातीचंच काहीतरी उरतं. ते उरलेलंही खरं असायला हवं."

मी ते वाक्य वाचलं. आयुष्यात एवढं जपून काही वाचलं नसेन.

संध्याकाळी गल्लीत शिरलो तर वाणी गिऱ्हाइकाला साखर बांधून देता देता सांगत होता, "घंटाच बंद होती म्हणे." अहवाल नाही, व्यवस्थापक नाही, तीन महिने नाहीत. तीन-चार शब्द उरले होते आणि त्यांत खोटं काही नव्हतं. ताईंनी हे सकाळी लिहितानाच ऐकलं होतं.

ऑपरेटर पिशवी घेऊन दुकानाशी उभा होता. बाकावरचे म्हातारबुवा जरा सरकले.

"बस की," ते म्हणाले. "उभा का?"

तो बसला. पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसला, आणि कुणी उठलं नाही.