कापलेले, पण न शिवलेले

सुगंधा घाडीगावकर माझ्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये एकवीस महिने राहिल्या. त्यांच्या हातून माझे काहीही नुकसान झाले नाही. माझ्या हातून त्यांचे झाले, आणि तेही नियमाला धरून, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. नियमाला धरून केलेल्या नुकसानीची दाद कोठे मागता येत नाही, म्हणून ही हकीकत लिहून ठेवतो.

मी घाटकोपरच्या एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवतो. राहतो तेथेच, जुन्या चाळीतल्या दोन खोल्यांत. निवृत्तीनंतर राहायला म्हणून सहकारी सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट घेतला आणि १९८४ च्या सप्टेंबरात तो अकरा महिन्यांच्या करारावर घाडीगावकरांना दिला. त्यांचे यजमान लवू हे परळच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. बेमुदत संपानंतर ती गिरणी त्यांच्यापुरती उघडलीच नाही. मग ते भांडुपच्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारा करू लागले. बोलणे कमी, चालणे जपून. गिरणीत ऐकू येणे कमी झालेले, म्हणून समोरच्याच्या ओठांकडे पाहण्याची सवय.

घर चालत होते ते बाईंच्या पायमशीनवर. मालवणजवळच्या त्यांच्या गावी मावशीने त्यांना बेतायला शिकवले होते, आणि तेही कागदावर नव्हे, केळीच्या पानावर. वाया गेले तर गुराला घालता येते, असा मावशीचा हिशेब. त्यामुळे त्यांची कात्री कापडात एकदाच फिरत असे. माझी पत्नी शुभा पहिल्याच महिन्यात चावी द्यायला म्हणून गेली आणि दोन पोलक्यांचे माप देऊन आली. "काखेत ओढत नाही हो, पहिल्यांदाच!" असे ती आरशासमोर म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत होतो. करारातले चौथे कलम, 'जागेचा वापर केवळ राहण्यासाठी', मीच माझ्या हस्ताक्षरात लिहिलेले होते. ते मला त्या क्षणी आठवले नाही. आठवायला हवे होते.

पुढे करार दहा महिन्यांनी, १९८६ च्या मेअखेरपर्यंत, वाढवून दिला. आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये सुगंधाबाईंचे पत्र आले. रेघी कागद, अक्षर वळणदार. एका शाळेच्या गणवेशांचे काम मिळते आहे; त्यासाठी मोटारीची आणखी एक मशीन आणि हाताखाली एक मुलगी ठेवावी लागेल; सोसायटीचे सेक्रेटरी 'मालकाचे लेखी आणा, नाहीतर आहे ती मशीनही बंद करा' म्हणतात; तरी परवानगीचे पत्र द्यावे, ही विनंती. शेवटी एक ओळ होती: 'आवाज खाली जाऊ नये म्हणून मशीनीखाली काथ्याची गादी घातली आहे.'

सेक्रेटरी नंदकिशोर देवस्थळी नेमके त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. काथ्याच्या गादीची त्यांनी कधी दखल घेतल्याचे मला आढळले नाही.

मी उत्तर लिहिले. तीन परिच्छेदांचे. पहिल्यात शिवणाचा कारखाना, मोटार आणि नोकर यांना नकार. दुसऱ्यात असे की, बाईंनी स्वतः, एका पायमशीनवर, फलक न लावता, घरगुती शिवण करावे. ही निव्वळ सवलत असून तिच्यामुळे कोणताही हक्क उत्पन्न होत नाही, आणि सोसायटीची संमती तिला आवश्यक राहील. तिसऱ्यात शुभेच्छा. वर्गात मी याला न्यायाचे लेखन म्हटले असते.

घाटकोपर स्टेशनाजवळच्या चंद्रप्रकाश वकिलांनी ते वाचले आणि दुसऱ्या परिच्छेदावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ ओढली.

"गुरुजी, हे काय करता?"

"सवलत आहे. हक्क नाही, असे स्पष्ट लिहिले आहे."

"तुम्ही लिहिलंय. पण कोर्टात वाचणार कोण? करारात लिहिलंय, राहायला दिलं. इथे लिहिताय, धंदा करा. म्हणजे तुमचं कलम तुम्हीच मोडलं. उद्या ती म्हणेल, करार नावापुरता होता, मी खरी भाडेकरू. मग चालवा खटला. फ्लॅट कशासाठी घेतला होता?"

"निवृत्तीनंतर राहायला."

"मग निवृत्तीनंतर कोर्टात राहा."

"बाई तशा नाहीत हो."

"अहो, तशी कोणीच नसते. अकरावा महिना लागला की होतात."

या गृहस्थांना मी आजही दोष देऊ शकत नाही, हीच माझी अडचण आहे. त्यांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. मी पहिला परिच्छेद तेवढा ठेवला, शुभेच्छाही काढल्या, एक प्रत सुगंधाबाईंना आणि एक सेक्रेटरींना धाडली. शुभाला मात्र सांगितले नाही.

कमिटीची सभा एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी देवस्थळींच्याच दिवाणखान्यात भरली. पाच सभासद, मी निमंत्रित, आणि दाराशेजारच्या खुर्चीवर सुगंधाबाई. त्यांच्या मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची वही होती. मापवही. मी ती ओळखली, कारण शुभा माप देऊन आली की 'सुगंधाबाईंच्या वहीत माझं पान आहे' असे कौतुकाने सांगत असे.

देवस्थळींनी माझे पत्र मोठ्याने वाचले. माझीच वाक्यरचना, पण त्यांच्या तोंडी ती खिळे ठोकल्यासारखी वाटली.

"मालकाचा नकार स्वच्छ आहे. आता सोसायटीचा प्रश्न. बाई, तुमच्याकडे बाहेरची माणसं येतात. येतात की नाही?"

"बायकाच येतात. दिवसा."

"कोण? बाहेरचं कोण जिन्याने वर जातं, ते कळायला नको? नावं सांगा."

सुगंधाबाईंनी मांडीवरची वही सरळ केली.

"वही आणलीत ना? त्यात असतील. वाचा."

त्याच क्षणी देवस्थळींच्या पत्नी रत्नप्रभाबाई चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात आल्या आणि तेथेच थांबल्या. कपबशा एकमेकींवर वाजल्या. मी त्यांच्याकडे पाहिले, मग वहीकडे, आणि मला सगळे कळले. त्या वहीत सेक्रेटरींच्या पत्नीचे पान होते. समोर बसलेल्या पाचांपैकी बहुतेकांच्या घरची पाने होती. माझ्या घरची दोन होती, शुभाचे आणि क्षमाचे. चार मेला माझ्या मुलीचे, क्षमाचे, लग्न होते, आणि तिची आठ पोलकी त्याच घरात, मी नकार दिलेल्या त्याच जागेत, बेतून पडली होती. बाईंनी वही उघडली असती तर पत्र, ठराव, कलम चार, सगळे त्या दिवाणखान्यात जागच्या जागी कोसळले असते.

बाईंनी वहीवर दोन्ही हात ठेवले.

"ही वही हयसर उघडूची नाय."

"का नाही?"

"बायकांची मापां आसत हेच्यात. पुरुषांच्या मीटिंगीत वाचूची नसतत."

कोणीतरी हसले. देवस्थळी हसले नाहीत. "लिहून घ्या," ते सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्याला म्हणाले, "माहिती देण्यास नकार. शिवणकाम आजपासून बंद. एकमताने."

मला बोलता आले असते. दुसरा परिच्छेद मला पाठ होता. मी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाबाईंनी मशीनवर चादर घातली आणि इमारतीतले एकेक दार वाजवले. ज्याचे कापड त्याला परत. देवस्थळींच्या दारात त्यांनी तीन पोलक्यांचे गाठोडे ठेवले, असे मला पुढे कळले. दुपारच्या गाडीने त्या घाटकोपरला आमच्या घरी आल्या आणि क्षमाची आठ पोलकी शुभाच्या हाती दिली. पाठ, पुढा, बाह्या, पट्ट्या, सगळे वेगवेगळे, खडूच्या खुणांसकट. कापलेले, पण न शिवलेले.

"हे काय सुगंधाबाई? लग्न चार तारखेला आहे!"

"मास्तरांचं पत्र इला ना. त्या घरात शिवूचं नाय."

शुभाने माझ्याकडे पाहिले. पत्राची गोष्ट तिला अशी कळली. तिने कपाटातून माझी फाइल काढली, पत्राची प्रत वाचली, मग लाल रेघ ओढलेला कच्चा मसुदा वाचला आणि तो माझ्या पुढ्यात ठेवला.

तीन दिवस ती शिंप्यांची दारे हिंडली. दुसऱ्याने बेतलेले कापड शिवायला एकही शिंपी तयार होईना. "कापलंय कोणी, त्यालाच द्या. बिघडलं तर नाव आमचं जाईल," हे उत्तर सगळीकडे एकच.

चौथ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी देवस्थळी उभे.

"मास्तर, एक विचारायचं होतं. तुम्ही काही सवलतीबद्दल म्हणे आधी लिहिलं होतं?"

"कोणी सांगितले?"

"तुमच्या मिसेसनी आमच्या हिला." त्यांनी रुमालाने मान पुसली. "घरी तीन दिवस कोणी माझ्याशी धड बोललेलं नाही. तो परिच्छेद द्या. मी कमिटीत घेतो."

"वकिलांचे मत वेगळे आहे."

"वकिलांच्या घरी लग्न आहे का?"

मी तो परिच्छेद सही करून दिला. स्वतः, एक पायमशीन, मोटार नाही, नोकर नाही, फलक नाही, कधीही मागे घेता येईल. कमिटीने तो त्याच आठवड्यात एकमताने मंजूर केला. आधीचा ठरावही एकमतानेच झाला होता, याची आठवण कोणी काढली नाही.

पत्र घेऊन मी स्वतः गेलो. सुगंधाबाईंनी ते उभ्याने, दोनदा वाचले. लवू त्यांच्या ओठांकडे पाहत होते.

"पोलकी शिवून देतंय," त्या म्हणाल्या. "माझ्या हातची कात्री फिरली आसा, ती मीच पुरी करूक होयी. लग्नाचा काम मधी सोडूचा नसता."

"आणि पुढे?"

"पुढे काय? मोटार नाय, हाताखाली माणूस नाय. म्हणजे गणवेश गेले." त्यांनी कागदाची घडी घातली. "आणि कधीय मागे घेवक येता, असा लिवलासा. मास्तरांनू, माका सवलत नको. काम होया."

लवूंनी मान हलवली. त्यांना ऐकू आले होते की दिसले होते, कोण जाणे.

त्या रात्रीपासून दहा दिवस काथ्याच्या गादीवर ती मशीन चालली आणि खालच्या मजल्यावरून एकदाही तक्रार आली नाही. क्षमाची पोलकी लग्नाच्या आदल्या आठवड्यात आली. काखेत कोठेही ओढत नव्हती. रत्नप्रभाबाईंचीही तीन त्याच दिवसांत झाली. मेअखेर करार संपला. सुगंधाबाईंनी तो वाढवून मागितला नाही. जागा झाडून, भिंतीतले खिळे काढून, चावी आणि दोन्ही पत्रे त्यांनी शुभाच्या हाती दिली. भांडुपला रस्त्यालगत पत्र्याचा एक गाळा त्यांनी घेतला होता. तेथे मोटार चालते आणि विचारायला कोणी येत नाही. गणवेशांचे काम तोवर दुसऱ्या कोणाकडे गेले होते.

फ्लॅटमध्ये आता एका बँकेतले अधिकारी राहतात. त्यांच्याविषयी सोसायटीची कसलीही तक्रार नाही. शुभा भांडुपला जाते. जाताना कापडाची पिशवी घेते, आणि मी बरोबर येऊ का विचारले तर म्हणते, "तिथे बायकांची मापं घेतात. तुमचं काय काम?"