सहावा प्लॉट

दादरच्या ज्या सर्व्हेयरच्या ऑफिसात मी नकाशे काढते, तिथे सरांचा एक नियम आहे. प्रत्येक प्लॉटचं क्षेत्रफळ त्याच्या स्वतःच्या कोपऱ्यांवरून काढायचं, शेवटच्या प्लॉटचंसुद्धा. मग बेरीज, आणि ती मोजलेल्या हद्दीच्या क्षेत्रफळाशी जुळवायची.

आमच्या लालबागच्या चाळीतल्या सहा घरांनी कोकणात एकत्र जमीन घेतली, तेव्हा तो नकाशा माझ्याकडे आला. सातबाऱ्यावर तेराशे वीस चौरस मीटर. रस्त्याला एकशेवीस, प्रत्येकाला दोनशे. पाच प्लॉट मी नीट काढले. सहाव्याचं क्षेत्रफळ मात्र वजाबाकीने काढलं. दोनशेच आले, बेरीज चोख जुळली. 'तपासले' म्हणून सही करून नकाशाच्या प्रती चाळीत वाटल्या, चिठ्ठ्या काढल्या. दुसरा प्लॉट बाबांना मिळाला, सहावा तळमजल्यावरच्या एकट्या मावशींना.

शिक्का मारायच्या आधी सरांनी सहाव्याचे कोपरे कॉम्प्युटरवर घातले. एकशे शहात्तर.

"वजाबाकी केलीस?"

मी मान हलवली.

"कशातून?"

"सातबाऱ्यातून."

"सातबारा कागदावर आहे. प्लॉट जमिनीवर पाडायचेत."

मोजणीत जमीन बाराशे शहाण्णवच भरली होती. चोवीस चौरस मीटर कुठेच नव्हते आणि माझ्या वजाबाकीने ते मावशींच्या नावावर दाखवले होते. बेरीज जुळणारच होती, मीच ती जुळवली होती. गप्प राहणं मला जमतं, लहानपणापासून तेच करत आले. पण सर गप्प बसणार नव्हते.

संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत सगळे जमले. चूक माझी आहे, एवढं वाक्य बोलायला मला पाण्याचा अख्खा ग्लास लागला. सगळ्यांनी चार-चार सोडले तर प्रत्येकी एकशे शहाण्णव होतील, असं सांगितलं.

"इंग्लिश शाळेत वजाबाकी वेगळी शिकवतात काय गो?" पहिल्या प्लॉटवाले काका म्हणाले. "माझे दोनशे म्हणजे दोनशे. चिठ्ठी निघालीय."

बाबा माझ्याकडे बघेनात. "आमचे घे," एवढंच म्हणाले. बाकी तिघे बऱ्याच वेळाने तयार झाले.

मावशी नकाशावर बोट ठेवून बसल्या होत्या. "माका किती गावतले आता?"

तिथेच कागदावर हिशेब केला. काकांचे दोनशे तसेच, चोवीस पाच जणांत. "एकशे पंच्याण्णव पूर्णांक दोन."

"म्हणजे माझे पण कमीच."

"हो मावशी."

"आणि तू तपासलंस म्हणून सही केली हुतीस."

त्यांनी प्रत घडी घालून मला परत दिली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या रेषा हलवल्या. सहाही प्लॉट वेगवेगळे काढले, सर कोपरे वाचत होते. दोनशे, मग पाच वेळा एकशे पंच्याण्णव पूर्णांक दोन, रस्त्याचे एकशेवीस. बाराशे शहाण्णव. हद्दही तेवढीच.

"जुळलं," सर म्हणाले.

त्यानंतर तळमजल्यावरून जाताना मावशींचं दार उघडं असलं, तरी त्या पूर्वीसारखी हाक मारत नाहीत.