चार ग्लास केळ्याचे

जानेवारी १९९४, रविवार, सकाळचे साडेनऊ. जळगावातलं आमचं स्वयंपाकघर. सोललेली केळी दोनशे ग्रॅम, मीठ, शाम्पूच्या पुड्या, औषधाच्या दुकानातून आणलेली स्पिरिटची बाटली. हजर तिघं: मी, बायको आणि अकरावीत शिकणारी मुलगी.

ही आमची दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला आदल्या रविवारी एकाच ग्लासात प्रयोग केला आणि तो जमलाही. केळं कुस्करलं, मीठ आणि शाम्पूचं पाणी घातलं, गाळलं, वरून गार स्पिरिट सोडलं. पाच मिनिटांत दोन थरांच्या मध्ये पांढरे, बुळबुळीत धागे तरंगायला लागले. पोरगी एवढ्यानं ओरडली की शेजारच्या अक्का पोळी लाटता लाटता आल्या. स्पिरिट त्यांच्याच फ्रीजमध्ये गार केलं होतं.

"यासाठी माझ्या बर्फाच्या कप्प्यात दारूची बाटली ठेवली व्हय तुम्ही?" त्या म्हणाल्या. "माझ्या दुधाला वास लागला तर बघा!"

चूक प्रयोगात नव्हती, अहवालात होती. धुळ्याच्या विज्ञान प्रदर्शनाला कॉलेजातून एकच प्रयोग जाणार होता आणि इच्छुक दोन होते. बाईंनी, म्हणजे जीवशास्त्राच्या शिक्षिकांनी, एका पानाचा अहवाल मागितला होता. प्रत्येक पायरी आणि तिच्यापुढे तिचं कारण. मुलीनं मला विचारलं. मी बांधकाम खात्यात मोजमापाच्या वह्या तपासणारा माणूस. कुठल्याही रकान्यात रिकामी जागा मला सहन होत नाही. जी कारणं घरात चालतात ती मी सांगितली आणि तिनं सुवाच्य अक्षरात लिहिली. मीठ: मिश्रण टिकावं म्हणून. शाम्पू: स्वच्छतेसाठी. स्पिरिट: जंतू मरावेत म्हणून.

बुधवारी वही परत आली. मिठाच्या ओळीपुढे लाल शाईत लिहिलं होतं, "हे लोणचं आहे का?" खाली एवढंच: "एकेक पायरी वगळून बघा. काय बिघडतं, ते कारण. सोमवारी शेवटची मुदत."

लोणच्याची ओळ मी सांगितलेली होती, हे मुलगी बाईंना बोलली नाही. मला ते जेवताना कळलं. भाजीत मीठ कमी होतं, पण मी मागितलं नाही.

म्हणून हा रविवार आणि हे चार ग्लास. प्रत्येकात पन्नास ग्रॅम केळं, अर्धा कप पाणी. पहिल्यात सगळं. दुसऱ्यात मीठ नाही. तिसऱ्यात शाम्पू नाही. चौथ्यात सगळं, पण गाळायचं नाही. या वेळी मी कारण सांगायचं नाही, फक्त मोजून द्यायचं, असं ठरलं. मुलीनं कॉलेजच्या ग्रंथालयातलं पुस्तक मांडीवर घेतलं होतं.

"बाबा, एवढ्या जोरानं ढवळू नका. फेस होतो आणि धागे तुटतात."

"मग कुस्करताना एवढी मारामारी कशाला केली?"

"तेव्हा केळ्याचा लगदा मोडायचा असतो, म्हणजे शाम्पू पेशीपेशीपर्यंत पोचतो. पेशीचं आवरण आणि आतल्या केंद्रकाचं आवरण, दोन्हींत स्निग्ध पदार्थ असतो. शाम्पू ते आवरण फोडतो आणि डीएनए बाहेर पाण्यात येतो. आता तो लांब धागा मोकळा झालाय, म्हणून हळू."

बायको भांडी घासत होती. "तेलकट कढईवर साबण करतो तेच," ती म्हणाली. मुलीनं ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

मिठाचं कारण अवघड होतं. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे त्याचे धागे एकमेकांना दूर ढकलतात. मिठातला सोडियमचा धन भार तो झाकतो, मग धागे जवळ येऊ शकतात. मलमलीच्या फडक्यातून गाळायचं ते चोथा मागे राहावा म्हणून. आपल्याला हवं ते खालच्या पाण्यात असतं. आणि स्पिरिट शेवटी, ग्लासच्या कडेनं, हळूच. डीएनए पाण्यात विरघळतो, स्पिरिटमध्ये नाही, म्हणून दोन्ही जिथे भेटतात तिथे तो बाहेर पडतो. स्पिरिट गार असलं तर आणखी चांगला.

दहा मिनिटं थांबलो. पहिल्या ग्लासात भरपूर धागे. दुसऱ्यात थोडे, विस्कटलेले. चौथ्यात चोथा आणि धागे यांचा असा काला की काही वेगळं काढता येईना. आणि तिसऱ्यात, जिथे शाम्पूच नव्हता, तिथेही पांढरं काहीतरी तरंगत होतं. धागे कमी, चिकट ढगासारखं जास्त.

मुलीचा चेहरा उतरला. "शाम्पूशिवाय येतंच असेल तर माझं शाम्पूचं कारण खोटं ठरतं. बाबा, तिसरा ग्लास लिहायलाच नको."

"केला तो लिहायचा," मी म्हणालो.

"आणि बाईंनी विचारलं, तर काय सांगू?"

माझ्याकडे उत्तर नसलं की मी मोजतो. खराट्याच्या स्वच्छ काडीवर पहिल्या आणि तिसऱ्या ग्लासातलं पांढरं गुंडाळून दोन काचेच्या बशांत घेतलं आणि आम्ही दोघं सराफ बाजारात ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्यांच्याकडे काचेच्या पेटीतला बारीक काटा होता.

"भाऊ, हाई काय शे?" त्यांनी बशी नाकाजवळ नेली आणि लगेच दूर केली.

"केळ्यातलं डीएनए. वजन हवं."

"जळगावात केळं अन् सोनं एकाच काट्यावर! तोळ्यात सांगू की माशात?"

बशीचं वजन वजा करून पहिल्या ग्लासातलं भरलं एक ग्रॅम आठशे मिलिग्रॅम. तिसऱ्यातलं नऊशे मिलिग्रॅम. मी खिशातल्या कागदावर आकडे टिपले आणि मुलीला म्हणालो, "लिही. पन्नास ग्रॅम केळ्यात एक पूर्णांक आठ ग्रॅम डीएनए."

सोनार हसले. "भाऊ, ओल्या मालाचं वजन आपण मानत नाही. आणि मी वजन सांगितलं, कस नाही सांगितला. बशीतलं सगळं बठ्ठं तेच शे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

आम्ही परत निघालो. घड्याळाच्या टॉवरपाशी आल्यावर मुलगी एकदम थांबली. "बाबा, स्पिरिट फक्त डीएनएच बाहेर काढतं असं पुस्तकात कुठेच नाही! केळ्यात पेक्टिन असतं, जॅम घट्ट करतं ते. तेही स्पिरिटमध्ये विरघळत नाही. तिसऱ्या ग्लासात बहुतेक तेच आलं. शिवाय कुस्करताना काही पेशी फुटल्या असतील, त्यांचं थोडं डीएनए. म्हणजे पहिल्यातही सगळं डीएनए नाही."

माझे आकडे तिनं अहवालात घेतले, पण डीएनएच्या नावावर नाही. "ओल्या पांढऱ्या पदार्थाचं वजन" असं लिहिलं. तिसरा ग्लास शाम्पूच्या ओळीतच आला: शाम्पू नसताना धागे कमी झाले, चिकट ढग मात्र राहिला. शेवटची ओळ होती: "मिळालेला पदार्थ शुद्ध डीएनए नाही. त्यात पाणी, स्पिरिट, पेक्टिन आणि प्रथिनं असू शकतात. किती, हे घरच्या साधनांनी सांगता येत नाही." ती ओळ वाचून मला वाटलं, आता दुसराच प्रयोग जाणार. आपल्या कामातली खोट स्वतःच सांगणाऱ्याला पुढे कोण पाठवतं?

सोमवारी बाईंनी अहवाल सगळा वाचला. लाल शाई एकाच जागी होती. तिसऱ्या ग्लासाच्या ओळीखाली रेघ, आणि बाजूला, "धुळ्याला हाच ग्लास समोर ठेव."

धुळ्याहून ती बक्षिसाशिवाय आली, पण परीक्षकांनी तिसऱ्या ग्लासापाशी बराच वेळ घालवला, हे ती दोनदा सांगून झोपली.

सोनारांनी दोन वजनांचे पैसे घेतले नव्हते. पुढच्या रविवारी मुलगी त्यांच्याकडे पिकलेल्या केळ्यांची एक फणी घेऊन गेली. त्यांनी ती काट्यावर ठेवण्याचं नाटक केलं, म्हणाले, "कस चांगला शे," आणि एक केळं सोलून तिच्याच हातात दिलं.