उजव्या दाढेची खूण

आमच्या दातांच्या दवाखान्यासमोर रस्ता ओलांडला की सलून आहे. त्याच्या मालकाला सगळी गल्ली मौनीबाबा म्हणते. सलूनवाले बोलून बोलून गिऱ्हाइकाचं डोकं खातात. हा गृहस्थ नुसते केस कापतो. खुर्च्या दोन, त्यातली एक कायम रिकामी, आणि भिंतभर आरसा.

बायको होती तोवर तो असा नव्हता म्हणतात. मला तर वाटतं तो तेव्हाही गप्पच असायचा, बोलायचं काम तिच्याकडे होतं. दुकानाचं भाडं किती, औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर, हे सगळं ती विचारायची आणि तो मागे पिशवी धरून उभा. दोन वर्षांपूर्वी ती गेली. पंधराव्या दिवशी त्याने दुकान उघडलं. रडला नाही, दाढी वाढवली नाही, कोणाला काही सांगितलं नाही. विचारलं तर "ठीक आहे" एवढंच.

मी दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते. वेळा देते, पैसे घेते आणि डॉक्टर सांगतील तशी पेशंटला द्यायची पत्रं टाइप करते. माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या डॉक्टरांचंही मत आहे. तरी ज्या दिवशी बोलायला हवं होतं, त्या दिवशी नेमकी मीच गप्प बसले.

तो पहिल्यांदा आला तो गाल धरून. रोज लोकांना खुर्चीत बसवणारा माणूस, आमच्या खुर्चीत मात्र अगदी कडेवर बसला, उठून पळायच्या तयारीत. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, कीड साफ करून दाढेत तात्पुरतं औषध भरलं आणि म्हणाले, "घाई नाही. सगळं लिहून देतो. घरी शांतपणे वाचा."

घाबरणाऱ्या माणसासाठी आमचं पत्र वेगळं असतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. पहिला टप्पा, दात साफ करणं, एक खेप. दुसरा टप्पा, खालची उजवी दाढ, आणि तिथे तीन पर्याय. रूट कॅनॉल करून कॅप बसवली तर तीन खेपा, चौदा हजार, दाढ वाचण्याची शक्यता चांगली. दाढ काढली तर एक खेप, बाराशे, मग रिकाम्या जागेचं काय करायचं ते तिसऱ्या टप्प्यात. काहीच केलं नाही तर खर्च नाही, पण कीड खोल जाईल, सूज येऊ शकते, पुढे दाढ वाचवता येणार नाही. हे दर पुढचे तीन महिने लागू. कुठल्याही टप्प्यावर थांबता येईल. काम चालू असताना हात वर केलात तर आम्ही लगेच थांबू. आणि खाली दातांचं चित्र, त्यात त्या दाढेभोवती लाल गोल.

त्याने पत्र घेतलं, चार घड्या घातल्या, वरच्या खिशात ठेवलं. "काही विचारायचंय का?" मी म्हणाले. त्याने मान हलवली. फोन वाजला, मी फोन घेतला.

मग तो आलाच नाही. एक महिना, दोन महिने. मी दोनदा फोन केला. "ठीक आहे ताई. दुखत नाही आता." दुखणं थांबलं म्हणजे दाढेची नस मेली असेल, हे मला इतक्या वर्षांत न कळायला काय झालं होतं? मी म्हणाले, "तरी दाखवून जा," आणि ठेवला. रस्ता ओलांडायला वीस पावलं लागतात. मी ती टाकली नाहीत.

गंमत म्हणजे डॉक्टर दर महिन्याला त्याच्याकडेच केस कापायला जातात. पण पेशंटची गोष्ट दवाखान्याबाहेर काढायची नाही, हा त्यांचा नियम. त्याच्या हातात वस्तरा, त्याच्या खिशात आमचं पत्र, डॉक्टरांची मान त्याच्या पुढ्यात, आणि दोघेही मुके. असं चार वेळा झालं.

पाचव्या महिन्यात तो आला तेव्हा उजवा गाल पुरीसारखा फुगला होता. नवा एक्स-रे काढला. दाढ हिरडीच्या खालपर्यंत उभी चिरली होती. डॉक्टर त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आता हिला वाचवता येणार नाही. काढावी लागेल." "ठीक आहे," तो म्हणाला. सूज उतरायला पाच दिवसांचं औषध दिलं. मी नवं पत्र टाइप केलं. जुनंच पत्र होतं, त्यातला पहिला पर्याय तेवढा पुसला.

सहाव्या दिवशी मदतनीस रजेवर होती म्हणून आत मी उभी होते. डॉक्टरांनी इंजेक्शन हातात घेतलं आणि मौनीबाबाने हात वर केला.

डॉक्टर थांबले. त्याने खिशातून पत्र काढलं, जुनं, घड्यांवर फाटायला आलेलं. लाल गोलावर बोट ठेवलं.

"ही काढू नका. ही चांगली आहे."

"हीच तर किडलीय," मी म्हणाले.

"लिहिलंय उजवी. खूण केलीय डावीकडे." आयुष्यात एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. "माझ्या वडिलांची घाईत चांगली दाढ काढली होती. दुखरी तशीच राहिली. मी तेव्हा तिथेच होतो. मला वाटलं, इथेही यांचंच एकमत नाही. कशाला यायचं."

डॉक्टरांनी ते चित्र त्याच्याकडे तोंड करून स्वतःच्या गालाशी धरलं. "मी तुमच्या समोर बसतो ना? तुमची उजवी बाजू माझ्या डाव्या हाताला येते. हे चित्र समोरून बघून काढतात."

त्याने चित्र हातात घेऊन आपल्या गालाशी धरून पाहिलं. मग म्हणाला, "आम्ही मागे उभे राहतो, साहेब. समोर आरसा. आरशात उजवा कान उजवीकडेच दिसतो."

तीस वर्षं माणसं तशीच बघितलेल्या माणसाला मी उलटं चित्र दिलं होतं, आणि एक ओळ लिहिली नव्हती. बायको असती तर तिने त्याच दिवशी टेबलावर हात आपटून विचारलं असतं, "अहो, हे डावं की उजवं?" मला स्वतःचा इतका राग आला की हातातला ट्रे खाली ठेवावा लागला.

दाढ निघाली. पुन्हा हात वर झाला नाही. कापसाचा बोळा दाबून अर्धा तास बसायचं असतं, म्हणून तो माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसला. ओठ बधिर, नजर समोरच्या दुकानावर. बंद शटरसमोर एक गिऱ्हाईक येऊन परत गेलं, तेही त्याने नुसतं पाहिलं. मी उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले, तोंड त्याच दिशेला करून. तिसरा टप्पा वाचून दाखवला. जागा तशीच ठेवता येते, काढता-घालता येणारा दात, शेजारच्या दातांच्या आधाराने पूल म्हणजे ब्रिज, नाहीतर हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. जखम भरेपर्यंत ठरवायची घाई नाही. प्रत्येक ओळीला त्याने मान हलवली.

वाचून झालं. बोळ्यामुळे शब्द अर्धवट येत होते, तरी मला नीट कळलं.

"ताई, मी तेव्हाच विचारलं असतं, तर वाचली असती ना?"

नाही म्हणायचं ओठांवर आलं होतं. चांगलं वाटलं असतं त्याला.

"हो," मी म्हणाले. "आणि विचारायचं मी होतं."

त्याने मान हलवली. जुन्या पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "ठीक आहे." मग खाली बघून, इतक्या हळू की ते मला सांगितलं की नाही कोण जाणे, म्हणाला, "तिने विचारलं असतं."