अध्यक्षस्थानी नाना होते

असोद्याजवळच्या एका गावात योगराजभाऊ टेलरिंगचं दुकान सांभाळून जळगावच्या दैनिकाला बातम्या पाठवत. त्यांची प्रत्येक बातमी ‘अध्यक्षस्थानी सरपंच नाना होते’ अशीच सुरू व्हायची. पाहुणे, हार, प्रास्ताविक झालं की मग कुठं मुद्दा.

ग्रामसभेची बातमी पाठवली त्या संध्याकाळी उपसंपादक शाझियाचा फोन आला. ‘‘भाऊ, जाहिरात आलीय. बातमी खालून कापावी लागेल, वरच्या दोनच ओळी राहतील. त्यात नुसते नाना आहेत.’’

‘‘मग नानांना कसं वगळू? रोज तोंड दाखवायचंय.’’

‘‘ग्रामसभेतून घरी आल्यावर वहिनींना पहिलं काय सांगितलंत?’’

भाऊ म्हणाले, ‘‘नयाचं पानी पिऊ नको म्हटलं.’’

‘‘मग गावाला शेवटी का सांगता?’’

भाऊंनी अध्यक्षस्थान खोडलं आणि नव्यानं लिहिलं: ‘गावातील नळाचे पाणी दूषित असून ते पिऊ नये, असा इशारा आरोग्य विभागाने ग्रामसभेत दिला.’ नाना तळाशी गेले आणि कापले गेले.

सकाळी नाना पेपर घेऊन दुकानात आले. ‘‘काय भाऊ, सभा माझी अन् माझंच नाव नाही?’’

भाऊंनी मान खाली घालून पाण्याचा ग्लास पुढं केला. नानांनी तो ओठांपर्यंत नेला आणि तिथंच थांबवला.

‘‘नळाचं नाही ना?’’