सुनेच्या अभ्यासक्रमावर माझा शिक्का

त्या काळी आमच्या बीबी गावात माझ्या शिक्क्याबिगर कोणाचं काम होत नव्हतं. सरपंच होतो मी. शिक्का माझा होता, सही मात्र येत नव्हती, म्हनून बाजूले अंगठा मारो.

सून जालन्याकडची. बी.ए.चं पह्यलं वर्ष तिकडंच पास होऊन आली. दुसरं इकडं करायचं, तं आपलं विद्यापीठ वेगळं. इकडल्या कॉलेजातल्या बाबूनं तिले कच्चा प्रवेश देला अन् म्हने, "मायग्रेशनचा दाखला आना, गुणपत्रिका आना, अन् तिकडं शिकल्या विषयांचा छापील अभ्यासक्रम, सही-शिक्क्यासकट. आमच्या विद्यापीठाचं मंडळ दोन्हीकडचा ताडून पाहीन. जुळला तं पह्यलं वर्ष मान्य. परीक्षेच्या फॉर्माआधी मंजुरी नाई आली, तं पुन्हा पह्यल्यापासून."

दाखला अन् गुणपत्रिका सुनेनं टपालानं मागवली. अभ्यासक्रमाचं पुस्तक तिच्या पेटीत होतंच. मी म्हनलं, शिक्क्यासाठी जालन्याले काऊन जायचं? ती विहिरीवर गेली तशी पानापानावर ग्रामपंचायतीचा शिक्का हानला, बाजूले अंगठा, अन् पुस्तक फडक्यात बांधून ठेवलं. "शिक्क्याचं झालं," इतकंच तिले सांगितलं.

कॉलेजात बाबूनं गाठोडं सोडलं. दोन-चार पानं उलटली.

"सरपंच, सुनेले इतिहास ग्रामपंचायतीनं शिकवला का?"

"शिक्का सरकारी हाये, बाबूजी."

"जिथं पास झाली, त्या विद्यापीठाचा पाहिजे. नवी प्रत आना."

फॉर्माले महिना उरला होता. सून दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीत बसली, मी पिशवी घेऊन मांगं. तिकडल्या विद्यापीठातले बाबू म्हनले, सह्या करनारे साहेब बाहेरगावी गेले. ती म्हने, "येतीन तवा येतीन." तीन दिवस त्याच बाकावर बसली. साहेब आले, नव्या प्रतीवर सही-शिक्का घेतला अन् परत येऊन इकडल्या प्राचार्यांमार्फत कागद आपल्या विद्यापीठात धाडले.

फॉर्माचे दोन दिवस उरले तवा कॉलेजात उत्तर आलं, बाबूनं आमाले वाचून दाखवलं. बाकी सारे विषय मान्य. अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम जुळत नाई, तेवढा पह्यल्या वर्षाचा पेपर दुसऱ्यासंग द्यावा.

मी तापलो. "पास झाली तं पुन्हा पेपर कायचा? जातो, भांडतो."

"एका पेपरानं वर्ष वाचते, मामाजी. मी देते." अन् तिथंच, बाबूच्या टेबलाच्या कोपऱ्यावर फॉर्म भरायले लागली.

खाली पालकाच्या सहीची जागा होती. माहा हात आपसूक बंडीच्या खिशातल्या शिक्क्याकडं गेला.

तिनं मान वर न करताच सांगितलं, "मामाजी, तिथं तुमचा मुलगा सही करीन. तुम्ही पिशवी धरा."