चोर खालून आला

धारूरच्या डोंगराखाली, माळाच्या कडेला केशरबाईची वस्ती. वीस वर्षं तिनं साखर कारखान्यांसाठी उसाच्या फडात कोयता चालवला. कंबरेनं दगा दिला तेव्हा ती गावातच राहिली, आणि हळूहळू तोडीला जाणाऱ्यांची शेरडं सांभाळणं हेच तिचं काम झालं. दसरा सरला, गाड्या भरल्या की बाया आपापल्या शेळ्या तिच्या दारात आणून सोडत.

त्या वर्षी दुष्काळ लई वाईट पडला. विहिरी तळाला गेल्या. चाऱ्याविना जनावरं मरायला लागली. मेलेलं ढोर लोक ओढ्यात ओढून टाकत. त्या मांसावर गावाबाहेरची कुत्री पोसली, टोळी करून फिरायला लागली. आणि डोंगरात बिबट्या दिसल्याची बोलवा होतीच. म्हणून गावच्या बायकांच्या शेळीपालन सोसायटीनं केशरबाईला जाळी दिली. तिचा धाकटा दीर शहादेव, त्यानं खांब रोवून पुरुषभर उंच कुंपण केलं. जाळी जमिनीला टेकवली, वरची बाजू उघडीच ठेवली.

पाण्याचा टँकर पहाटे यायचा, म्हणून बाया अंधारातच घागरी घेऊन रांगेत बसायच्या. एका पहाटे केशरबाई पाणी घेऊन परतली, तर कुंपणात सगळं सामसूम. एरवी तिची चाहूल लागली की करडं ओरडायची. तिनं डोक्यावरची घागर खाली ठेवली. आत चार शेळ्या मरून पडल्या होत्या, बाकीच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून थरथरत होत्या.

उजाडल्यावर माणसं जमली. "बिबट्याच!" शहादेव म्हणाला. "वहिनी, वनखात्याच्या माणसाला तसंच सांगा. बिबट्याची भरपाई मिळती, कुत्र्याची न्हाई."

केशरबाई वाकून मेलेल्या शेळ्या बघत होती. मांड्या आणि मागचे पाय फाटलेले, गळे धड. खाल्लं जवळजवळ काहीच नव्हतं. जाळीखाली उकरलेलं भगदाड होतं, आणि मातीत नखांसकट पंजे उठले होते.

"बिबट्या गळा धरतो, एखादी उचलून नेतो. चालताना नखं आत घेतो," ती म्हणाली. "ही कुत्री हायत."

"असू द्या की! कुणाला काय कळतंय?"

"बिबट्या म्हणलं तर आपण वर बघत बसू, शहादेव. चोर खालून आलाय."

सोसायटीच्या अध्यक्ष विमलबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनाही मोह झाला नव्हता असं नाही. मेलेल्यांतल्या दोन शेळ्या शिवकन्याच्या होत्या, त्यांतली तांबडी तर नुकतीच व्यालेली. घरी तिची तेवढीच पुंजी, आणि ती तिकडे फडात मोळ्या बांधत होती. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आक्का, शिवकन्याला तुमी सांगा."

केशरबाईनं फोन लावला. पलीकडे कोयत्यांचा सपसप आवाज येत होता. तिनं झालेलं सगळं सांगितलं.

"पोरी, चूक माझी हाय. जाळी जमिनीत गाडायला पायजे होती."

"मावशी," शिवकन्या म्हणाली, "तांबडीचं पिल्लू हाय का?"

"हाय. बाटलीनं पाजते."

"मग तेवढं जगवा."

वनखात्याच्या माणसाला केशरबाईनं कुत्रीच सांगितली, भरपाई मिळाली नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शहादेवला कुदळ दिली.

गावात राहिलेल्या बाया आपसूक आल्या. कुंपणाभोवती हातभर खोल चर खणला. जाळी त्यात उतरवून तिचं टोक बाहेरच्या बाजूला वळवलं, म्हणजे उकरणाऱ्याच्या पायाखाली जाळीच यावी. वर माती आणि जड धोंडे दाबले. फाटकाखाली दगडी उंबरा बसवला, बाहेरून साखळी. विमलबाईंनी सोसायटीतून छतासाठी लोखंडी पाइप आणले. शहादेव कुरकुरला, "वरून आता कावून? चोर खालून आला म्हणालात ना?"

"कुत्र्यांचं झालं. डोंगरात बिबट्या न्हाईच, असं कुठं म्हणलं मी?"

मग छतालाही मजबूत जाळी ताणली, बांधून टाकली. कोंबड्यांचं खुराडं दगडांवर उंच उचललं, आणि मुंगसाचं तोंड शिरणार नाही अशी बारीक जाळी लावली. ओढ्यातली मढी पुरायचं सोसायटीनं ठरवलं. ते काम मात्र रडतखडतच झालं.

संक्रांतीनंतर एका सकाळी छताची जाळी मधोमध दबलेली दिसली. खांबावर ओरखडे होते, आणि खाली मातीत वाटोळे, नखांविना पंजे. शेळ्यांनी भीतीनं दोन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही. एक गाभण शेळी गाभडली, त्याचं केशरबाईला फार वाईट वाटलं. पण आत एकाही जनावराला दात लागला नव्हता. या वेळी वनखात्याचा माणूस आला तेव्हा शहादेवनं स्वतःच पंजे दाखवले.

चैत्रात शिवकन्या परतली. ट्रकमधून उतरून सरळ फाटकापाशी आली. तांबडीचं पिल्लू आता चांगलं दांडगं झालं होतं. त्यानं तिला हुंगलं आणि केशरबाईच्या मागं जाऊन उभं राहिलं.

"वळखलं न्हाई मला," शिवकन्या हसली, आणि हसताहसता रडली.

"चार दिवस बाटली तू धर, म्हणजे वळखंल," केशरबाई म्हणाली, आणि साखळी काढून तिला आत घेतलं.